दर कमी करण्याआधी पाया दाखवा

‘गिऱ्हाईक “जास्त होतंय” म्हणालं की थोडं सोडायचं आणि काम धरायचं.’ धाराशिव जिल्ह्यात घरबांधणीची गुत्ती घेणाऱ्यांमध्ये हा नियम इतका रुळला आहे की नवा मुलगा मिस्त्रीकाम सोडून गुत्तेदार झाला, की त्याला पहिला सल्ला हाच मिळतो. अठराशे रुपये फूट सांगायचे, मालकानं तोंड वाकडं केलं की सतराशेवर यायचं, उठून जायला लागला की साडेसोळाशेवर हात मिळवायचा. व्यवहार झाला, दोघंही खूश. या नियमाला माझा विरोध आहे. कापडाच्या दुकानात किंवा बैलबाजारात घासाघीस होते तेव्हा वस्तू दोघांच्याही समोर असते. घराचा दर ठरतो तेव्हा घर अजून जमिनीवर आलेलंही नसतं. त्या वेळी जे शंभर-दीडशे रुपये फूट ‘सुटतात’ ते पुढे कुठून तरी भरून काढले जातात, आणि ते नेमके कुठून, हे मालकाला कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की दर जास्त वाटतो म्हणणाऱ्या मालकाला गुत्तेदारानं आकडा कमी करून उत्तर देऊ नये; त्या आकड्यात काय काय आहे ते उघडून दाखवावं. त्यानंतरही आकडा कमी करायचा असेल तर काय वगळायचं ते मालकानं ठरवावं, डोळ्यांदेखत आणि लेखी.

विरुद्ध बाजूचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण ते मांडणारी माणसं लबाड नाहीत. त्यांचे मुद्दे साधारण चार आहेत. एक, घासाघीस ही इथली रीतच आहे. मालक तोडणारच, म्हणून आधीच थोडं चढवून सांगावं आणि मग सोडावं, त्यात कुणाचंच नुकसान नाही. दोन, हा भाग दुष्काळी आहे. सोयाबीनच्या भावावर घराचं स्वप्न अवलंबून असलेल्या माणसाला दर्जाचं व्याख्यान देणं हे शहरी लोकांचं काम. तीन, मालकाला सळई, सिमेंट, पट्टा यातलं काही कळत नाही. त्याला फक्त फुटाचा दर कळतो, मग समजावून उपयोग काय? आणि चार, शेजारचा गुत्तेदार कमी दरात करायला तयार आहे. तुम्ही समजावत बसा, काम त्याच्याकडे जाईल.

या चारही मुद्द्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरात जे मजबुती देतं ते बहुतेक सगळं झाकलेलं असतं. पाया मातीखाली जातो, जोत्याचा पट्टा प्लिंथमध्ये गाडला जातो, लिंटेलचा पट्टा गिलाव्याखाली जातो, कोपऱ्यातली उभी सळई विटांच्या आत राहते आणि काँक्रीटला दिलेलं पाणी तर वाळूनच जातं. उलट जे दिसतं, म्हणजे टाइल्स, रंग, दरवाजा, गॅलरीची जाळी, त्याचा मजबुतीशी फारसा संबंध नसतो. मग दर तोडला गेल्यावर गुत्तेदार कुठे हात घालेल? टाइल्समध्ये घातला तर मालकाला वास्तुशांतीच्या दिवशीच कळेल. पायात घातला तर पाच वर्षं कळणार नाही. तुटलेला दर झाकलेल्या जागेतून भरून निघतो, हा कुणाच्या स्वभावाचा दोष नाही; या धंद्याची रचनाच तशी आहे. चांगला माणूसही तुटलेल्या दरात काम पूर्ण करायला निघाला की त्याच्यासमोर तेवढ्याच वाटा उरतात.

आणि झाकलेल्या जागेची किंमत काय असते हे या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, लोहारा-उमरग्याचा सगळा पट्टा हादरला. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांमध्ये तो मोडत नाही. माणसं एवढ्या संख्येनं गेली ती घरांमुळे. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसत होत्या. पण त्या भिंतीत आतला थर वेगळा आणि बाहेरचा थर वेगळा रचलेला होता, मध्ये गोटे आणि माती भरलेली होती, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर धाब्याच्या मातीचं प्रचंड वजन. हादरा बसताच थर सुटे झाले, भिंतीला पोट आलं आणि ती कोसळली. बऱ्याच घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिलेला होता. माणसं भिंतीच्या दगडांखाली सापडली होती.

त्या भिंती बांधणाऱ्यांनी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या सुधारणेत किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. मुद्दा एवढाच, की भिंत किती जाड दिसते आणि ती आतून किती बांधलेली आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसा बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीत लागतो. पुनर्वसनाच्या वेळी जागतिक बँकेच्या मदतीनं 52 गावं नव्या जागी वसवली गेली आणि हजारो घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झालं. भिंतीत आरपार दगड, लिंटेलच्या उंचीला सलग पट्टा, कोपऱ्यांत सळई हे शब्द तेव्हा या गावांतल्या गवंड्यांच्या तोंडी आले. आज त्या गावांत लहानपण गेलेली पिढी घर बांधते आहे. तिला समजावून सांगितलं तर समजणार नाही, हे म्हणणं मला मान्य नाही.

आता आक्षेप एकेक घेऊ.

घासाघीस ही रीत आहे, म्हणून चढवून सांगा आणि सोडा, असं म्हणणारा माणूस स्वतःच्याच शब्दाची किंमत घालवतो. अठराशे सांगून तुम्ही दहा मिनिटांत साडेसोळाशेवर आलात, तर मालकाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पहिला आकडा खोटा होता. मग साडेसोळाशे तरी खरा कशावरून? तो आणखी शंभर रुपये तोडून बघतो, आणि त्यात त्याची चूक नाही. तुम्हीच त्याला ते शिकवलं आहे. पुढे काम सुरू झाल्यावर तुम्ही खरंच म्हणालात, की ‘इथं काळी माती खोल निघाली, पाया दोन फूट आणखी खाली न्यावा लागेल, जास्तीचा खर्च येईल’, तर तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला वाटेल, सोडलेले पैसे आता वसूल करायला लागला. चढवून सांगितलेला दर पहिल्याच दिवशी मालक आणि गुत्तेदार यांच्यातला विश्वास संपवतो, आणि घर बांधायला सहा-आठ महिने लागतात.

दुष्काळी भागाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसा खरंच कमी असतो. पण पैसा कमी आहे म्हणून दर गुपचूप तोडणं ही गरिबाला केलेली मदत ठरत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या घराला चिरा पडल्या तर तो पुन्हा खर्च करेल. ज्यानं दोन एकर विकून किंवा सोसायटीचं कर्ज काढून घर बांधलं त्याला दुसरी संधी नाही. म्हणूनच पैसा कमी असलेल्या मालकाला हिशेब जास्त तपशिलानं सांगितला पाहिजे. ग्रामीण घरकुलाचं उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरासाठी केंद्राच्या निकषानुसार मूळ मदत 1 लाख 20 हजार रुपयांची आणि घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. या रकमेत पाचशे फुटांचं घर बसवायला निघालेल्या मालकाला, ‘करू की, बघू काहीतरी’ असं सांगणारा गुत्तेदार त्याचा हितचिंतक नाही. ‘आत्ता तीनशे फूट करू, पाया आणि पट्टे पुढच्या खोलीला जोडता येतील असे ठेवू’ असं सांगणारा हितचिंतक आहे. घर लहान करता येतं, पाया उथळ करता येत नाही.

मालकाला कळत नाही, हा तिसरा आक्षेप शेतकऱ्याबद्दलच्या अज्ञानातून येतो. जो माणूस ठिबकच्या नळीचा गेज बघून घेतो, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर जपून ठेवतो, विहिरीचा खडक कितव्या पुरुषाला लागला हे सांगतो, त्याला सळईची जाडी आणि पायाची खोली कळत नाही, असं कसं म्हणता येईल? त्याला चौरस फुटाच्या दरातून काहीच कळत नाही, हे खरं. पण तो दर आपणच शोधून काढला आहे. सहाशे फूट गुणिले अठराशे, बस्स. त्या एका आकड्यात माती, मुरूम, लोखंड, पाणी, मजुरी सगळं कोंबून आपण त्याच्यापुढे ठेवतो आणि मग म्हणतो, याला फक्त आकडा दिसतो. दुसरं काही त्याला दाखवलंच नाही, तर तो दुसरं काय बघेल?

काम शेजारच्याकडे जाईल, या चौथ्या आक्षेपात सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. काही कामं जातील. पण कोणती जातात आणि कोणती राहतात ते एका उदाहरणानं बघू, कारण इथं नुसत्या तत्त्वाला अर्थ नाही.

समजा, लोहारा तालुक्यातल्या एका गावात सहाशे चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. बाहेरून तीस फूट बाय वीस फूट, विटांच्या भिंती, वर स्लॅब, आतल्या भिंती धरून सगळ्या भिंतींची लांबी मिळून 140 फूट. आपला दर 1,800 रुपये फूट, म्हणजे 10 लाख 80 हजार. शेजारच्या गुत्तेदाराचा दर 1,550, म्हणजे 9 लाख 30 हजार. फरक दीड लाखाचा. मालक म्हणतो, ‘साहेब, त्यो साडेपंधराशेनं करायलाय, तुमचं लईच होतंय.’ इथं नेहमीचा गुत्तेदार सतराशेवर येतो. मी म्हणतो, यावं पुढच्या प्रश्नावर: ‘तात्या, दराचं नंतर बघू. त्यांनी पाया किती खोल धरलाय, ते विचारलं का?’ तात्यांनी विचारलेलं नसतं. मग त्या गुत्तेदाराचं इस्टिमेट मागवून घ्यायचं, कागद काढायचा आणि दीड लाखाचा फरक तात्यांसमोर फोडायचा. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, पण हिशेबाची पद्धत बदलत नाही.

पहिली रक्कम 55 हजार, पायाची. तात्यांचा प्लॉट काळ्या रानाच्या कडेला आहे. खड्डा घेतला तेव्हा पाच फुटांवर मुरूम लागला. समोरच्या इस्टिमेटात पाया तीन फूट धरलेला आहे, म्हणजे तो काळ्या मातीतच थांबतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीत. पाया तिच्यात बसला की तो दरवर्षी वर-खाली होतो, आणि तोही सगळीकडे सारखा होत नाही. परिणाम भिंतीवर दिसतो: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी चीर, जी उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटते. अशी हंगामानुसार उघडमीट करणारी चीर दिसली की दोष गिलाव्यात नसून पायात आहे, हे ओळखावं. तिच्यावर कितीही वेळा पुट्टी मारली तरी ती परत येते. आपण दोन फूट आणखी खाली जाऊन मुरूमावर बसतो. 140 फूट लांबीला दोन फूट जास्तीचं खोदकाम आणि तेवढं जास्तीचं दगडी बांधकाम, याचे हे पैसे.

दुसरी रक्कम 35 हजार, पट्ट्यांची आणि कोपऱ्यांची. जोत्यावर एक आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावर एक, असे दोन सलग काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून फिरतात. भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणं हे त्यांचं काम. हादरा आला तर लांबीची भिंत आणि आडवी भिंत कोपऱ्यात फाटून सुट्या होऊ नयेत म्हणून ते आहेत. पाया थोडा बसला तरी जोत्याचा पट्टा भार वाटून घेतो. समोरच्या इस्टिमेटात ‘लिंटेल’ लिहिलेलं आहे, पण ते फक्त दारा-खिडकीपुरतं, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकलेलं. लिंटेल आणि लिंटेलचा पट्टा यांतला हा फरक तात्यांना चित्र काढून दाखवायचा. नऊ इंच रुंद आणि चार इंच जाड पट्ट्याला 140 फुटांत सुमारे एक घनमीटर काँक्रीट लागतं. त्यात 10 मिलिमीटरच्या दोन सळया सलग जातात. सांध्याला एकमेकींवर किमान वीस इंच चढवलेल्या आणि कोपऱ्यात वळवून पुढच्या भिंतीत नेलेल्या धरल्या, तर एका पट्ट्याला चाळीस फुटी आठ गज लागतात. एक गज साधारण 7.4 किलोचा, म्हणजे 59 किलो, आणि वर रिंगांचे 11-12 किलो. एकूण 70 किलो लोखंड, 60 रुपयांनी 4,200 रुपये. काँक्रीट, सेंट्रिंग आणि मजुरी धरून एक पट्टा 15 हजारांच्या घरात जातो. दोन पट्ट्यांचे 30 हजार, कोपऱ्यांत आणि भिंतींच्या जोडांत पायापासून स्लॅबपर्यंत जाणाऱ्या उभ्या सळयांचे 5 हजार. दहा लाखांच्या घरात भिंती बांधून ठेवणारी गोष्ट एवढ्यात होते. तात्यांनी गज स्वतः मोजून घ्यावेत: दोन पट्टे, सोळा गज.

तिसरी रक्कम 15 हजार, पाण्याची. आपल्याकडे बांधकाम उन्हाळ्यात चालतं, कारण तेव्हा शेत मोकळं असतं, आणि पाणी तेव्हाच नसतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस ओल राहिली पाहिजे. तुटलेल्या दरात पहिली काटछाट इथंच होते: तीन दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं. स्लॅबवर चप्पल घासली की पांढरी पूड निघते, खिळा सहज ओरखडा काढतो, ती याची खूण. टँकर, स्लॅबवर मातीची आळी करून साठवलेलं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ भिंती भिजवणारा एक माणूस, याचे हे 15 हजार आहेत.

चौथी रक्कम 25 हजार, मालाची. पक्की भाजलेली वीट आणि माती नसलेली वाळू. याचं परीक्षण तात्या घरीच करू शकतात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून, हलवून तीन तास ठेवली, तर वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांपेक्षा जाड नसावा. एवढं करून त्यांनी दोन्ही गुत्तेदारांचा माल तपासावा, आपलासुद्धा.

उरले 20 हजार. ते आपले आहेत, आणि ते तसेच सांगायचे. ‘तात्या, हे माझे. रोज साइटवर येण्याचे, पट्टा भरायच्या दिवशी मी स्वतः उभा राहण्याचे.’ जो गुत्तेदार स्वतःची कमाई लपवतो त्याच्या बाकीच्या चार आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि जो ती मोकळेपणानं सांगतो त्याच्याशी मालक त्या रकमेवर वाद घालत नाही, कारण कष्टाची मजुरी म्हणजे काय हे शेतकऱ्याला कळतं.

आता दीड लाखाचा फरक तात्यांसमोर उघडा आहे. तरीही त्यांच्याकडे दहा लाखांच्या वर पैसे नसतील, तर काय? दर 1,800 चा 1,650 करायचा नाही. घरातून काय वगळायचं ते तात्यांना निवडू द्यायचं. टाइल्सऐवजी शहाबादी फरशी घातली, 25 हजार कमी. जिना पुढच्या वर्षी, पण त्याच्या सळया आत्ताच काढून आणि सिमेंटच्या पातळ थरानं झाकून ठेवायच्या, 45 हजार कमी. बाहेरची पुट्टी आणि रंग पुढच्या दिवाळीला, 20 हजार कमी. मिळून 90 हजार. आकडा 9 लाख 90 हजारांवर आला. पाया, पट्टे, कोपरे आणि पाणी यांना हात लागला नाही, आणि जे कमी झालं ते काय आहे हे मालकाला ठाऊक आहे. शहाबादी फरशी दहा वर्षांनी बदलता येईल. गाडलेला पट्टा नंतर घालता येत नाही.

हे सगळं कागदावर उतरवावं लागतं, आणि त्यात एक अट अशी घालावी, की झाकण्याआधी मालकाला बोलवायचं. पाया भरण्याआधी तळाचा मुरूम त्यानं बघायचा, पट्टा ओतण्याआधी गज मोजायचे, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, आणि मगच काँक्रीट. पैशांचे हप्ते याच टप्प्यांना बांधावेत. तोंडी समजावलेलं मूल्य पुढच्या आठवड्यात विसरलं जातं. खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून बघितलेलं विसरलं जात नाही.

इथं दोन इशारे द्यायला हवेत, नाहीतर माझ्याच म्हणण्याचा गैरवापर होईल. ‘आमचं काम क्वालिटीचं आहे’ असं म्हणून दर टिकवणं हे मूल्य समजावणं नव्हे. त्या वाक्यात एकही गज नाही, एकही फूट नाही. जो गुत्तेदार फरकाचा प्रत्येक हजार कुठं जातो हे सांगू शकत नाही, त्याचा दर खरंच जास्त आहे. तसंच भूकंपाचं भय दाखवून गिऱ्हाईक बांधून ठेवणंही चूक. ज्यांच्या घरातली माणसं त्या पहाटे गेली त्यांच्यासमोर तो दिवस विक्रीसाठी काढू नये. पट्टा काय करतो ते शांतपणे सांगावं, भीती घालू नये.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. कधी कधी मालकच बरोबर असतो. बालाघाटाच्या माळावरच्या गावांत बऱ्याच ठिकाणी दोन फुटांवरच मुरूम किंवा खडक लागतो. तिथंही सवयीनं पाच फुटांचा पाया धरून इस्टिमेट दिलं असेल आणि मालक म्हणत असेल की जास्त होतंय, तर ते जास्तच आहे. मग ते 55 हजार त्याच क्षणी आकड्यातून काढले पाहिजेत, आणि काढताना का काढले तेही सांगितलं पाहिजे. हे दर तोडणं नाही, ही चुकीच्या हिशेबाची दुरुस्ती आहे. म्हणून इस्टिमेट देण्याआधी प्लॉटवर खड्डा घेणं हे गुत्तेदाराचं पहिलं कर्तव्य आहे. खड्डा न घेता दिलेल्या दराचं समर्थन मी करणार नाही, तो कमी असो की जास्त.

एवढं करूनही तात्या शेजारच्याकडे जाऊ शकतात. मग ते काम जाऊ द्यावं. तीन फुटांच्या पायाचं घर पाच फुटांच्या दरात नसतं, तसंच पाच फुटांच्या पायाचं घर तीन फुटांच्या दरात होत नाही. ते काम घेऊन आपण फक्त शेजाऱ्यासारखे होऊ. पण तात्या जाताना एक प्रश्न सोबत घेऊन जातात: पाया किती खोल? तो प्रश्न ते त्या दुसऱ्या गुत्तेदारालाही विचारतील. त्यानं उत्तर दिलं तर त्याचाही आकडा वर जाईल, आणि एका गावात दहा मालकांनी हाच प्रश्न विचारला तर साडेपंधराशेचं ते इस्टिमेट टिकणार नाही. कमी दराच्या स्पर्धेला उत्तर असंच मिळतं. गुत्तेदारांनी एकमेकांचे दर तोडून ते कधीच मिळणार नाही.

या जिल्ह्यातल्या गुत्तेदारांना आणि मिस्त्र्यांना माझी विनंती आहे, की चौरस फुटाच्या एका आकड्यावर इस्टिमेट देणं थांबवा. पाया, पट्टे, कोपरे, पाणी, माल आणि तुमची मजुरी अशा सहा ओळी लिहून द्या. आणि घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला सांगणं आहे: दर विचारण्याआधी पायाची खोली विचारा, पट्टा सलग आहे का ते विचारा, काँक्रीट ओतण्याआधी स्वतः जाऊन गज मोजा. ज्या गुत्तेदाराला या प्रश्नांचा राग येईल त्याला काम देऊ नका, त्याचा दर कितीही कमी असला तरी.